घ्यायला जाल तेव्हा बघा

"मॅडम, माझ्याशिवाय तो पाच मिनिटं राहत नाही. आत्ताच शाळेत घातला तर मनावर परिणाम होईल का? वर्षभर थांबू का?"

प्रवेशाचे फॉर्म निघाले की आमच्या बालवाडीत कोणी ना कोणी आई हे विचारतेच. गेल्या वर्षीची आई सोलापूरच्या पूर्व भागातली, युनिफॉर्म शिवण्याच्या कारखान्यात कामाला. मुलगा तीन वर्षांचा, आजीच्या अंगाखांद्यावर वाढलेला, घरात तेलुगू. आधी एका ठिकाणी घातला होता. तिथे तिला सांगितलं गेलं, "त्याचं लक्ष नसताना हळूच सटका." तेव्हापासून तो आईला मोरीतही एकटं जाऊ देईना.

ओपन डेला मी तिला सतरंजीवर बसवलं. "'जा, खेळ' म्हणू नका. नुसत्या बसा." तो आधी पाठीला चिकटला. मग गव्हाच्या परातीकडे गेला, वाटी भरली, परत येऊन आईच्या मांडीला हात लावला, पुन्हा गेला. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्यावर मी तिला बाहेर जायला सांगितलं, पण त्याला सांगून. "पाणी पिऊन येते," ती तेलुगूत म्हणाली आणि गेली. त्याने भोकाड पसरलं. दोनेक मिनिटांनी ती येताच कमरेला बिलगला, हुंदके ओसरले, आणि आपणहून परातीकडे वळला.

"बघा, केवढा रडला!"

"आणि तुम्ही आल्यावर?"

ती थबकली. "गप्प झाला की."

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षभराच्या मुलांची निरीक्षणं केली, तेव्हा आई जाताना मूल किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर ते तिला कसं भेटतं, यावर भर दिला. मी त्याच वळणाची. त्यामुळे रडणाऱ्या मुलाची मला भीती वाटत नाही. वर्षभर थांबायची गरज नव्हती, चोरून जाणं तेवढं बंद करायचं होतं.

जूनमध्ये पहिले काही दिवस ती तासभर वर्गात बसली, मग थोडाच वेळ, मग दारातूनच निरोप. "बारा वाजता येते" हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. "खाऊ झाला की येते" कळतं. मात्र खाऊ झाला की खरंच यायचं. खिडकीतून डोकावू नका, थांबलेलं रडणं पुन्हा सुरू होतं. सोमवारी आणि सुट्टीनंतर थोडं रडणारच. तीन-चार आठवड्यांनीही रडणं उतरत नसेल, शाळेत पूर्ण वेळ खेळणं-खाणं बंद असेल, किंवा तुम्ही घ्यायला आल्यावरही रोजच शांत होत नसेल, तर मला येऊन भेटा.

यंदाचे ओपन डे शनिवारी, ४ आणि ११ एप्रिलला, सकाळी साडेआठ ते साडेदहा. नंतर ऊन सोसत नाही. ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांना नर्सरीत प्रवेश आहे. मुलाला काही विचारणार नाही, नावसुद्धा नाही. नवे कपडे घालू नका, गव्हात बसायचं आहे. आणि सांभाळणारी आजी असेल तर तिलाच पाठवा.