‘सौम्य’ म्हणजे लढाईचा घोडा?

प्रश्न: रविवारी उपदेशात ऐकलं की येशूच्या ‘जे सौम्य ते धन्य’ या वाक्यातला मूळ ग्रीक शब्द लढाईसाठी तयार केलेल्या घोड्याला लावत, म्हणजे ‘ताब्यात ठेवलेली ताकद’. हे खरं आहे का? ज्यांनी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं त्यांना काय कळलं असेल?

उत्तर:

घोडा खरा आहे, लढाई नाही. बायबलची ग्रीक शिकत होतो तेव्हा मीही हा दाखला ऐकला, वहीत उतरवून घेतला आणि पुढे अभ्यासवर्गात सांगितलाही. एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “हे लिहिलंय कुठे?” तेव्हा मूळ उतारा शोधून वाचला, आणि त्यानंतर तो दाखला तसा सांगणं मी थांबवलं.

शब्द आहे ‘प्राऊस’. अथेन्सचा झेनोफन हा स्वतः घोडदळात वावरलेला माणूस. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात त्याने घोडेस्वारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागात तो सांगतो की शिंगरू शिकवणाऱ्याच्या हाती देण्याआधी ते प्राऊस, हाताला सवयीचं आणि माणसांचं प्रेम असलेलं झालेलं असावं. हे काम घरीच होतं. कसं, तेही तो सांगतो: भूक, तहान आणि गोमाश्यांचा त्रास शिंगराला एकटं असताना व्हावा, आणि खाणं, पाणी व त्या त्रासातून सुटका माणसाच्या हातून मिळावी. मग शिंगरू माणसांवर नुसता जीव लावत नाही, त्यांची वाट पाहू लागतं. मोतद्दाराने त्याच्या अंगावरून हात फिरवावा, विशेषतः जिथे केस दाट आहेत तिथे आणि जिथे त्रास झाला तर त्याला स्वतःला काही करता येत नाही तिथे.

म्हणजे या उताऱ्यात लढाईचं शिक्षण सुरूही झालेलं नाही. मराठीत या अवस्थेला नेमका शब्द आहे: माणसाळलेलं. अंगावर न येणारं, लाथ न झाडणारं, विश्वासाने जवळ येणारं. घोड्याच्या बाबतीत प्राऊस एवढंच सांगतो. ‘लष्करी संज्ञा’ म्हणून तो वापरल्याचा उतारा मला कुठे सापडलेला नाही. प्लेटोने हा शब्द सैनिकांच्या संदर्भात वापरला आहे, पण अर्थ उलटा आहे. नगरीच्या रक्षकांनी शत्रूशी कठोर आणि आपल्या माणसांशी प्राऊस असावं, चांगल्या जातीचा कुत्रा ओळखीच्यांशी असतो तसं, असं तो म्हणतो.

माणसाच्या बाबतीत या शब्दाचा संबंध मुख्यतः रागाशी आहे. आपण ‘सौम्य’ म्हणतो तेव्हा ‘ताप सौम्य आहे’ किंवा ‘स्वभावाने सौम्य’ असं काही मनात येतं, म्हणजे मुळातच जोर कमी. ग्रीक माणसाला प्राऊस ऐकल्यावर रागाचं काय झालं हे आठवायचं. ॲरिस्टॉटल या गुणाला रागाच्या बाबतीतला मध्य म्हणतो. एका टोकाला पटकन भडकणारा, दुसऱ्या टोकाला कशाचाच राग न येणारा, आणि मध्ये प्राऊस: योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य तितकाच वेळ रागावणारा. तो पुढे असंही म्हणतो की असा माणूस थोडा कमी रागावण्याकडेच झुकतो, कारण त्याला सूड नको असतो, माफ करायला तो तयार असतो. ‘ताब्यात ठेवलेली ताकद’ हा अर्थ बहुधा इथूनच कुणीतरी घोड्यावर नेऊन बसवला असावा.

पण गालीलातले शेतकरी आणि कोळी ॲरिस्टॉटल वाचत नव्हते. येशू अरामी बोलत होता, त्यामुळे प्राऊस हा शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आहे. मत्तयानेही तो स्वतः घडवला नाही, स्तोत्रसंहितेतून उचलला. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

मराठी बायबलमध्ये मत्तय ५:५ असं आहे: ‘जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.’ आता स्तोत्र ३७ काढा आणि अकरावी ओवी वाचा. जवळजवळ तेच वाक्य. ग्रीक भाषांतरात तर शब्दही तेच: ‘प्राऊस लोक भूमीचं वतन घेतील.’ सभास्थानात स्तोत्रं ऐकत वाढलेल्या माणसाला एवढं वाक्य कानावर पडलं की पुढचं-मागचं आठवत असणार, जसं आपल्याकडे अभंगाचा एक चरण ऐकला की पुढचा ओठांवर येतो.

त्या स्तोत्रात काय आहे? दुष्टांची भरभराट बघून जळफळू नकोस, इथून ते सुरू होतं. आठव्या ओवीत राग सोड, संताप टाकून दे. चौदाव्या ओवीत दुष्टांनी तलवार उपसली आहे, धनुष्य वाकवलं आहे, कुणावर, तर दीनदुबळ्यांवर. एकविसाव्या ओवीत दुष्ट उसनं घेतो आणि फेडत नाही. आणि या सगळ्यातून ‘भूमीचं वतन मिळेल’ हे आश्वासन पाच वेळा येतं: ओव्या ९, ११, २२, २९ आणि ३४. हे स्तोत्र स्वभावाबद्दल नाही. जमीन कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या हातात यायला हवी याबद्दल आहे.

अकराव्या ओवीतला हिब्रू शब्द ‘अनावीम’. याचा मूळ भाव खाली वाकलेले, दबलेले लोक असा आहे. ज्यांच्याकडे तलवार नाही, ज्यांचं कोर्टात कुणी ऐकत नाही, आणि म्हणून ज्यांनी आपला दावा देवाच्या हवाली केला आहे. ग्रीकमध्ये भाषांतर करणाऱ्या यहुद्यांनी कुठे त्याला ‘गरीब’ म्हटलं, कुठे ‘प्राऊस’. इथे प्राऊस घेतल्यावर दोन गोष्टी एकत्र आल्या: दबलेल्या माणसाची परिस्थिती, आणि त्या परिस्थितीत त्याने आपल्या रागाचं काय केलं ते. नुसतं ‘गरीब’ म्हटलं असतं तर दुसरी हरवली असती. आपण नुसतं ‘सौम्य’ म्हणतो तेव्हा पहिली हरवते, आणि मला ते जास्त मोठं नुकसान वाटतं.

यहुदी लोक तेव्हा हे स्तोत्र असंच वाचत होते याचा एक सुंदर पुरावा आहे. मृत समुद्राकाठी कुमरानच्या चौथ्या गुहेत स्तोत्र ३७ वरची एक टीका सापडली. ती येशूच्या आधीची आहे. तिथे नेमक्या याच ओवीतल्या ‘अनावीम’चा अर्थ दिला आहे: गरिबांची मंडळी, जी आपल्यावर आलेला दुःखाचा काळ पत्करते.

आता ‘वतन’. मराठी भाषांतरकारांनी हा शब्द निवडला याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. ग्रीक क्रियापदात ‘क्लेरोस’ आहे, म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. यहोशवाच्या पुस्तकात कनान देश वंशावंशांत असाच चिठ्ठ्या टाकून वाटला जातो. पिढीजात हक्काची, घराण्याला बांधलेली जमीन. देशमुखी-पाटीलकीची वतनं ज्यांनी घरात ऐकली आहेत, किंवा वतनाच्या तुकड्यापायी पिढ्यानपिढ्या गावकी राबणं ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘पृथ्वी’ हा शब्द मात्र थोडा फसवतो. हिब्रू ‘एरेत्स’ आणि ग्रीक ‘गे’ दोन्हींचा अर्थ पृथ्वीही होतो आणि देश, जमीनही होतो. आपल्या डोळ्यांसमोर पृथ्वीगोल येतो, गालीलातल्या माणसासमोर शेत येत असणार. मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात दिवसभर बाजारात कामाची वाट बघत उभे राहिलेले मजूर आहेत आणि एकविसाव्यात दूर गेलेल्या मालकाचा मळा खंडाने कसणारे लोक आहेत. ऐकणारे याच जगातले होते.

मत्तयाचं शुभवर्तमान ग्रीकमध्ये ज्यांनी ऐकलं त्यांच्यासाठी हे आणखी टोकदार होतं. बहुतेक अभ्यासक ते इ. स. ८० ते ९० च्या सुमाराचं मानतात. म्हणजे यरुशलेम इ. स. ७० मध्ये पडून गेलेलं. यहुदी इतिहासकार जोसीफस लिहितो की युद्धानंतर रोमचा बादशहा वेस्पाझियन याने यहुद्यांची सगळी जमीन विकायला काढायचा हुकूम दिला आणि सेवेतून मोकळ्या केलेल्या आठशे सैनिकांना अम्माऊस इथे वसवलं. तलवारीने भूमी कुणाला मिळते हे त्या लोकांनी नुकतंच पाहिलं होतं.

मग प्राऊस म्हणजे मुकाट्याने सोसणारा का? जुन्या करारात हा शब्द मोशेला लावला आहे, गणना १२:३ मध्ये, ‘फार’ असं जोडून. प्रसंग असा की त्याची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्याविरुद्ध बोलतात. मोशे स्वतःच्या बाजूने एक शब्दही काढत नाही. त्याची बाजू देव घेतो, आणि मिर्यामेला कोड फुटतं तेव्हा तिला बरं कर म्हणून मोशेच आरोळी मारतो. पण हाच मोशे सोन्याचं वासरू बघून संतापतो आणि दगडी पाट्या फोडतो. त्याला राग येत होता. स्वतःच्या मानापमानासाठी तो राग त्याने खर्च केला नाही.

शेवटी पुन्हा घोड्याकडे येतो, कारण तो दाखला ज्या कारणाने मी पूर्ण सोडला ते मत्तयातच आहे. प्राऊस हा शब्द नव्या करारात फक्त चार वेळा येतो, त्यातला एक मत्तय २१:५ मध्ये. येशू यरुशलेमेत शिरतो तेव्हा मत्तय जुन्या करारातल्या जखऱ्या संदेष्ट्याची ओळ देतो: पाहा, तुझा राजा तुझ्याकडे येत आहे, तो प्राऊस आहे आणि गाढवावर बसला आहे. जखऱ्याच्या मूळ ओळीत राजाबद्दल ‘न्यायी आणि तारण करणारा’ हेही आहे. ते शब्द मत्तय गाळतो आणि प्राऊस तेवढा ठेवतो. त्या राजाचं वाहन ओझी वाहणारं जनावर आहे. आणि जखऱ्याचीच पुढची ओवी, ९:१०, सांगते की एफ्राइमातले रथ आणि यरुशलेमेतले घोडे नाहीसे केले जातील, लढाईचं धनुष्य मोडलं जाईल. ते घोडे लढाईचेच होते.

तुमच्या उपदेशकांशी याबद्दल बोलायचं असेल तर झेनोफन राहू द्या. जखऱ्या ९:९-१० आणि स्तोत्र ३७ उघडून समोर ठेवा आणि दोघांनी मिळून सलग वाचा.