फिर्याद ठाण्यातली आणि फिर्याद कोर्टातली

"बातमीत कधी 'पोलिसांत फिर्याद दिली' असतं, कधी 'कोर्टात खाजगी फिर्याद दाखल केली'. दोन्ही एकच का? कोणती केव्हा करतात?"

एकच नव्हेत. मराठीत दोन्हीकडे 'फिर्याद' म्हणतात आणि दोन्हीकडचा माणूस 'फिर्यादी' ठरतो, म्हणून घोळ होतो. कायद्यात मात्र ठाण्यात जाते ती 'खबर', म्हणजेच एफआयआर. कायद्याच्या भाषेतली फिर्याद थेट मॅजिस्ट्रेटपुढे मांडली जाते.

रस्ता कोणता हे गुन्हा दखलपात्र आहे की अदखलपात्र, यावर ठरतं. बांधावरून दोन शेजाऱ्यांत भांडण झालं, एकाने दुसऱ्याला थोबाडीत मारली, शिव्या दिल्या. साधी दुखापत आणि शिवीगाळ अदखलपात्र, म्हणून ठाण्यात नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे एन.सी., करतात आणि 'योग्य त्या कोर्टात दाद मागा' अशी समज देतात. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिथे तपासच करता येत नाही. पण त्याच भांडणात काठी लागून मनगटाचं हाड मोडलं असेल, तर ती गंभीर दुखापत, म्हणजे दखलपात्र गुन्हा. एक्स-रेचा अहवाल दाखवला की एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हे स्पष्ट केलं आहे. म्हणून अशा वेळी एन.सी.ची प्रत घेऊन घरी बसू नये, वैद्यकीय कागद घेऊन पुन्हा ठाण्यात जावं.

एफआयआरनंतर तपास पोलिसांचा, दोषारोपपत्र त्यांचं, खटला चालवतो सरकारी वकील. खाजगी फिर्यादीत हा सगळा भार फिर्यादीवर पडतो. शपथेवर पडताळणी जबाब द्यायचा, साक्षीदार स्वतः आणायचे, तारखांना हजर राहायचं. समन्स खटल्यात, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात, फिर्यादी गैरहजर राहिला तर आरोपी निर्दोषही सुटू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे मॅजिस्ट्रेटने दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडण्याची संधी मिळते. काही गुन्ह्यांत तर कोर्टाचाच रस्ता आहे. चेक न वटल्याचा कलम १३८ चा खटला आणि बदनामी ही त्याची ठळक उदाहरणं.

खरी गफलत होते ती 'कोर्टाच्या आदेशाने गुन्हा दाखल' या बातमीत. दखलपात्र गुन्हा असूनही ठाण्याने नोंद टाळली, तर आधी पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवायची. तिथेही काही झालं नाही, तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे याच संहितेच्या कलम १७५(३) चा अर्ज करायचा. मॅजिस्ट्रेटने तपासाचा आदेश दिला तरी गुन्हा नोंदवला जातो ठाण्यातच, म्हणून तो एफआयआरच. अशा बातमीत 'खाजगी फिर्याद' लिहिणं चूक.