टेक्निकल रायटरच्या रेझ्युमेत फरक दिसला पाहिजे

भावा, रेझ्युमे बघितला तुझा, नुसतं 'युजर मॅन्युअल लिहिले' एवढ्यावर कोण बोलवणार? सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरचं काम केलंस ना, मग तेच उलगडून लिही की. काय लिहिलं, कुणासाठी, कोणत्या टूलमध्ये आणि फरक काय पडला, सगळं एका ओळीत. म्हणजे असं: 'माल परत आल्यावर क्रेडिट नोट कशी काढायची, याची अकाउंटंटसाठी मराठी गाईड, मॅडकॅप फ्लेअरमध्ये, त्या विषयाचे सपोर्ट कॉल महिन्याला 60 वरून 35.' आकडे उदाहरणापुरते हां, तुझे तू काढ. टूल्सची वेगळी लांबलचक यादी कोण वाचत नाही.

आकडा सपोर्टवाल्यांकडे मिळतो, त्यांच्या तिकिटांना कॅटेगरी असते, गाईडच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने फक्त तीच कॅटेगरी मोज. मधल्या काळात कस्टमर वाढले असतील तर दर शंभर कस्टमरमागे किती कॉल ते काढ, आणि डेव्हलपरनी ती स्क्रीनच सोपी केली असेल तर सगळं श्रेय गाईडला देऊ नको, इंटरव्ह्यूत नेमकं तिथंच पकडतात. आकडा नाहीच मिळाला तर ठोकून देऊ नको, 'सपोर्ट टीम कॉलवर हीच लिंक पाठवते' एवढं खरं असेल तर तेवढंच लिही, तेही चालतं.