२ चे २.७ टक्के झाले म्हणून लगेच कळवू नकोस

अरे, टक्के सोड, आधी ऑर्डरी मोज. शहापूरच्या साड्यांच्या आपल्या साइटवर गेल्या आठवड्यात १००० भेटींत २० ऑर्डरी होत्या, या आठवड्यात तेवढ्याच भेटींत २७. फरक ७ चा. दोन्हींची बेरीज ४७, तिचं वर्गमूळ साधारण ७, त्याची दुप्पट १४. फरक त्याच्या आत असला की तो नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. मालकांना ‘फरक सांगण्याजोगा नाही’ एवढंच लिही. (भेटी कमीजास्त असतील तर हा हिशोब चालत नाही.)

आणि ऑर्डरींची यादी उघडून बघ. खानापूरच्या एकाच दुकानदाराने पाच वेळा मागवलं असेल, तर ते एकच गिऱ्हाईक धर; हे गणित प्रत्येक ऑर्डर स्वतंत्र मानतं.