अंगठा कोणत्या तारेवर, बोटं कोणत्या तारेवर आणि लय का तुटते

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, शिकवणारं कोणी नाही, मोबाईलवर पाहून गिटार शिकून राहिलो. कॉर्ड लागतात पण पिक न घेता बोटांनी एकेक तार वाजवायला गेलो की बोटं भरकटतात, कॉर्ड बदलताना थांबतो. कोणतं बोट कोणत्या तारेवर ठेवायचं? कापूस वेचून नखं तुटतात, ते चालते का?

भाऊ, आधी बोटांना घरं वाटून द्या आणि मग ती घरं बदलू नका. सगळ्यात जाड तार, जी तुमच्या तोंडाकडच्या बाजूला असते, ती 6 नंबर आणि सगळ्यात बारीक ती 1 नंबर. अंगठ्याकडे 6, 5 आणि 4 या तीन जाड तारा. तर्जनी फक्त 3 नंबरवर, मधलं बोट 2 नंबरवर, अनामिका 1 नंबरवर. करंगळी काहीच वाजवत नाही. म्हणजे तीन बोटं जागच्या जागी राहतात आणि फिरतो तो एकटा अंगठा. तुमची बोटं भरकटतात याचं कारण बहुतेक हेच असन की तीच तार कधी तर्जनीनं तर कधी मधल्या बोटानं वाजून राहिली.

अंगठ्यानं तीनपैकी कोणती तार घ्यायची हे कॉर्ड ठरवतो. कॉर्डचं जे नाव तोच सूर जिथं खाली मिळतो ती तार. जी आणि ई मायनरला 6 नंबर, सी आणि ए मायनरला 5 नंबर, डी आणि डी मायनरला 4 नंबर. सुरुवातीला एवढंच पाठ करा.

आता पॅटर्न. मी पोट्ट्यांना पहिला शिकवतो तो सहा मात्रांचा, कारण आपल्याकडे भजनात दादरा ऐकून कान तयारच असतो. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, मधलं, तर्जनी. जी कॉर्डवर तारांच्या नंबरात 6-3-2-1-2-3. दादऱ्यात पहिली मात्रा सम आणि चौथी खाली, तसंच इथं अंगठा समेवर वजनदार पडला पाहिजे आणि चौथ्या मात्रेवरची अनामिका हलकी. बहुतेक जण उलटं करतात, बारीक तार टणकन वाजते आणि अंगठा दबलेला, मग लय बराबर असली तरी ऐकणाऱ्याला सम सापडत नाही.

डावा हात रिकामा ठेवून फक्त उघड्या तारांवर हे करा. फोनमध्ये मेट्रोनोम घ्या, नेट नसलं तरी चालणारे मिळतात, 60 वर लावा आणि एका ठोक्याला एक तार. हात साउंडहोलच्या वर थोडा ब्रिजकडे ठेवा, आणि अंगठा तर्जनीच्या पुढं, म्हणजे नेकच्या बाजूला राहिला पाहिजे. तो आत तळहातात गेला की तर्जनीला आपटतो आणि तिथंच गाडी अडकते. बोट तार बाहेर ओढत नाही, तळहाताकडे मिटते. बाहेर ओढलं की तार फ्रेटवर आपटून फट्ट आवाज येतो, त्यावरून चूक लगेच कळते. करंगळी गिटारीच्या पाटीवर टेकवणारे चांगले वादक आहेत, पण सुरुवातीला मी नको म्हणतो, कारण करंगळी टेकली की तिच्या शेजारची अनामिका मोकळी हलत नाही आणि आधीच तेच सगळ्यात कमजोर बोट.

आता तुमचा खरा त्रास, कॉर्ड बदलताना थांबणं. तुम्ही पूर्ण कॉर्ड लागायची वाट पाहता म्हणून थांबता. पण इथं तारा एकदम वाजतच नाहीत, एकामागं एक वाजतात, तर डाव्या हाताची बोटंही एकामागं एक आली तरी चालते. जी, ई मायनर, सी, डी अशी साखळी घ्या, प्रत्येकावर सहा मात्रा. अंगठा जाईल 6, 6, 5, 4 असा.

सी वर या. समेवर लागते 5 नंबरची तार तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे डाव्या हाताची अनामिका तेवढी आधी पोहोचली की झालं. दुसऱ्या मात्रेला 3 नंबर, ती उघडीच आहे. तर्जनी 2 नंबरच्या पहिल्या फ्रेटवर लागते ती थेट तिसऱ्या मात्रेला. आणि 4 नंबरच्या तारेवरचं मधलं बोट तर या पॅटर्नमध्ये वाजतच नाही! ते उशिरा आलं तरी कोणाला कळत नाही. सहावी मात्रा पुन्हा उघडी 3 नंबर, म्हणजे ती वाजत असताना डावा हात उचलून डी कडे निघता येते, आवाज तुटत नाही. डी मध्ये समेवर 4 नंबर उघडी, म्हणजे तिथंही एक मात्रा हातात मिळाली.

अवघड आहे ते डी वरून परत जी वर जाणं, कारण डी मध्ये 3 नंबरची तार दाबलेली असते आणि सहावी मात्रा तीच आहे, तर तर्जनी शेवटपर्यंत सोडता येत नाही, आणि जी च्या समेवर 6 नंबर तिसऱ्या फ्रेटवर दाबलेली पाहिजे. इथं असं करा. डी मध्ये मधलं बोट 1 नंबरवर असते, तिचं काम चौथ्या मात्रेला संपलं. पाचवी वाजायला लागली की ते बोट उचला आणि 6 नंबरच्या तिसऱ्या फ्रेटवर नेऊन ठेवा. तर्जनी आणि अनामिका अजून डी वरच. सहाव्याला अनामिका सोडा, समेला तर्जनी. जी ची 1 नंबर चौथ्या मात्रेला लागते, तिथवर अनामिका आरामात पोहोचते. हा एकच बदल 60 पेक्षाही हळू, डी च्या चौथ्या मात्रेपासून जी च्या चौथ्या मात्रेपर्यंत तेवढाच तुकडा घोटा, पूर्ण साखळी वाजवत बसू नका.

लय तुटते का हे वाजवताना स्वतःला कळत नाही, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. कॉर्ड बदलायच्या आधीची सहावी मात्रा घाईनं येते की काय ते बघा, बहुतेक तिथंच घाई असते.

नखांचं काही टेन्शन घेऊ नका. वेचणीच्या दिवसात तुटली तर सगळी बारीक कापून बोटाच्या मांसानं वाजवा, आवाज थोडा दबका येतो पण सारखा येतो. एक नख लांब आणि दुसरं तुटकं असलं की मात्र एकेक तार वेगळ्याच आवाजात वाजते आणि आपल्याला वाटते लयच बिघडली. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलली असतील तर स्टीलच्या तारांवर एक-दोन दिवस सुट्टी द्या.

हे जमलं की केरव्याच्या आठ मात्रा घ्या: अंगठा, तर्जनी, मधलं, तर्जनी, अनामिका, तर्जनी, मधलं, तर्जनी. घरं तीच. यात आठातल्या चार मात्रा एकट्या तर्जनीच्या आहेत म्हणून 3 नंबरची तार सगळ्यांच्या वर ऐकू येते, तर तर्जनी मुद्दाम हळू ठेवा.