अंगठ्यात चिडण्यासारखं काय आहे?

प्रश्न: मी बाणेरच्या एका कंपनीत टीम लीड आहे. मेसेजला 👍 दिला की माझ्या लेखी वाचलं, कळलं, विषय संपला. परवा टीममधल्या मुलीने विचारलं, "सर, तुम्ही चिडलात का?" अंगठ्यात चिडण्यासारखं काय आहे?

उत्तर:

हा मार मी स्वतः खाल्लाय, म्हणून सविस्तर लिहितो.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री पावणेदहाला मी हिंजवडीहून कंपनीच्या बसने निघालो होतो, वाकडच्या पुलावर नेहमीसारखे अडकलो होतो. आमच्या टेस्टरचा मेसेज आला: "सर, पेमेंटच्या स्क्रीनवर ४ बग राहिलेत, २ गंभीर आहेत. आज थांबून बघते, पण उद्याचं रिलीज सोमवारी केलं तर बरं होईल. चालेल का?" मी 👍 टाकला आणि फोन खिशात ठेवला. माझ्या मनात होतं, सोमवारी करू, घरी जा.

तिने वाचलं, "थांब". रात्री दोनपर्यंत ती बसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. शेवटी चहाच्या टपरीवर म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला वाटतंय मी कारणं सांगतेय."

तो मेसेज पुन्हा वाचून बघा. त्यात एक माहिती आहे, एक तयारी आहे आणि एक विनंती आहे. अंगठा यातल्या कशाला? पाठवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं, वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. आणि वरिष्ठाच्या बाबतीत माणूस अंदाज नेहमी आपल्या गैरसोयीचा बांधतो. म्हणून तोच अंगठा मित्राने दिला तर काही वाटत नाही, लीडने दिला की झोप उडते.

'पोचलं' आणि 'मान्य' यांतला हा घोळ कोर्टापर्यंतही गेलाय. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात २०२१ मध्ये एका धान्य खरेदीदाराने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून 'कन्फर्म करा' असं लिहिलं. शेतकऱ्याने 👍 पाठवला. पुढे माल दिला नाही. त्याचं म्हणणं, मी फक्त करार मिळाला एवढंच कळवलं होतं. २०२३ मध्ये कोर्टाने तो अंगठा सहीसारखा धरला आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला सांगितले. निकालात एक गोष्ट महत्त्वाची ठरली. याआधी तो असेच करार 'ओके', 'यप' एवढ्यावर मान्य करत आला होता आणि माल देतही होता. म्हणजे अंगठ्याचा अर्थ चित्रात नव्हता, दोघांच्या जुन्या रिवाजात होता.

तुमच्या टीममधल्या मुलीचंही तेच झालं असणार. एरवी तुम्ही तिला "हो गं, चालेल" असं लिहीत असाल आणि त्या दिवशी नुसता अंगठा गेला असेल, तर तिने अंगठा वाचला नाही, फरक वाचला. समोरासमोर आपण मनापासून होकार देतो तेव्हा तो कधी एका शब्दात नसतो. "हो हो, कर की, काय अडचण आहे!" असं म्हणतो. तुटक 'बरं' येतं ते नाराजी गिळताना. चॅटवर आवाज नसतो, मग लांबीवरूनच मन ओळखलं जातं. तिने चार ओळी विचार करून, दोनदा खोडून लिहिल्या असतील. समोरून अर्ध्या सेकंदाचं काम आलं. (त्यात मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं. चॅटवर कुणी तसा अर्थ घेत नाही म्हणा, पण माझी आई अजूनही घेते.)

कुठे दिला हेही बघा. मेसेजवरच रिअॅक्शन म्हणून दिलेला अंगठा हजेरीसारखा वाटतो, फारसा बोचत नाही. वेगळा मेसेज म्हणून पाठवलेला एकटा अंगठा व्हॉट्सअॅपवर मोठा होऊन दिसतो, आणि त्याच्याखाली संभाषण संपतं. तो दार लावल्यासारखा वाटतो.

मी अंगठा सोडलेला नाही. 'मीटिंग ४ ला', 'फाईल टाकली' अशा मेसेजला तोच बरा; चाळीस जणांच्या ग्रुपवर प्रत्येकाने 'नोटेड सर' लिहिलं तर वेड लागेल. पण मेसेजमध्ये प्रश्नचिन्ह असेल, रजा असेल, उशीर असेल किंवा चूक कबूल केलेली असेल, तर मी क्रियापद असलेलं वाक्य लिहितो. "सोमवारी करू, तू घरी जा." त्या रात्री एवढंच टाइप करायला हवं होतं, पुलावर वेळ तर भरपूर होता.

त्या मुलीला आता लांबलचक खुलासा पाठवू नका, ती आणखी घाबरेल. तिच्या ज्या मेसेजला अंगठा दिला होता, त्यालाच रिप्लाय करून तेव्हा जे म्हणायचं होतं ते एका ओळीत लिहा. आणि तिने विचारलं हे चांगलं झालं. आमचीने विचारलं नव्हतं.