स्नायूतले क्षार आणि घाम

प्रश्न: स्नायू आखडताना सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम नेमके कुठून कुठे जातात? खूप घाम गेला तर काय बिघडतं?

सोडियम पेशीत शिरतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि कॅल्शियम मुख्यतः पेशीच्याच आतल्या साठ्यातून सुटतं. घामाने प्रामुख्याने पाणी आणि सोडियम कमी होतं. चेतातंतूचा इशारा आला की सोडियम आत घुसून पेशीच्या पटलावर विद्युतलहर उठते, पोटॅशियम बाहेर जाऊन ती शमवतं. लहर आत पोचताच साठ्यातलं कॅल्शियम मोकळं होतं आणि स्नायूतले तंतू एकमेकांवर सरकतात. कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढलं गेलं की स्नायू सैलावतो. हे शरीरक्रियाशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल.

घामात लिटरमागे साधारण 1 ग्रॅम सोडियम असतं, पोटॅशियम त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. तीन तास धावून 3 लिटर घाम गेला, तर सोडियम सुमारे 3 ग्रॅम गेलं. त्यावर 4 लिटर नुसतं पाणी प्यायलात, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. धावून वजन उलट वाढलं, डोकं दुखतंय, मळमळतंय, बोलण्यात गोंधळ होतोय, तर आणखी पाणी नको, लगेच डॉक्टर गाठा.

मात्र पायात येणारा प्रत्येक गोळा क्षार कमी झाल्यामुळेच येतो असं नाही. थकलेल्या स्नायूला चेतातंतूंकडून जाणारे अतिरिक्त इशारेही बरेचदा कारण असतात.